कट, पुट, हिट आणि एकट्या ‘रीड’चा घोळ

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यम. घरी मीच तिचं इंग्रजी घेते. क्रियापदांच्या तक्त्यात कट-कट-कट, पुट-पुट-पुट, हिट-हिट-हिट असं आलं की ती खूश होते, पण वाक्यात ते क्रियापद आलं की काळ कोणता हे तिला सांगता येत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही दर वेळी येत नाही. त्यात रीड हा शब्द तिन्हीकडे सारखाच लिहितात पण वाचताना रीड-रेड-रेड. असं का? आणि वाक्यात कुठे रीड म्हणायचं, कुठे रेड, हे ओळखायची काही खूण आहे का, की नुसतंच पाठ करायचं?

उत्तर:

खूण आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला ती पटकन कळावी अशी आहे. मी तेवीस वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतोय. त्या अनुभवावरून सांगतो, की तक्ता पाठ करून हा घोळ सुटत नाही. तक्त्यात तीन रूपं तीन वेगळ्या रकान्यांत असतात, म्हणून तिथे ती वेगळी वाटतात. वाक्यात मात्र रकाना नसतो. तेव्हा तक्ता थोडा वेळ मिटून ठेवा आणि आधी मराठी वाक्यं बघू.

‘ती भाजी चिरते.’ ‘तिने भाजी चिरली.’ या दोन वाक्यांत क्रियापद तर बदललंच, पण त्याआधीच काहीतरी बदललं. ‘ती’ची ‘तिने’ झाली. कुणी नुसतं ‘तिने’ म्हणून थांबलं, तरी तुम्हाला कळतं की पुढे बहुधा घडून गेलेली गोष्ट येणार. आता ‘मी’ घ्या. ‘मी भाजी चिरते.’ ‘मी भाजी चिरली.’ इथे ‘मी’ जसाच्या तसा. ‘तू’चंही तसंच. म्हणजे आपल्या भाषेत कर्त्यावरची ही खूण ‘तो’ आणि ‘ती’ला लागते, ‘मी’ आणि ‘तू’ला लागत नाही.

इंग्रजीत नेमकं असंच आहे, फक्त खूण कर्त्याऐवजी क्रियापदावर बसते आणि ती भूतकाळाची नसून वर्तमानकाळाची असते. ती खूण म्हणजे शेवटचा ‘स’. ‘शी कट्स व्हेजिटेबल्स’ म्हणजे ती भाजी चिरते. ‘शी कट व्हेजिटेबल्स’ म्हणजे तिने भाजी चिरली. ‘कट’मध्ये भूतकाळाचं काही दिसत नाही, हे खरं. पण वर्तमानकाळ असता तर ‘स’ आलाच असता. तो आलेला नाही, म्हणून हा भूतकाळ. पावसाळ्यात दारात ओली छत्री नसेल तर माणूस घरात आलेला नाही हे कळतं, तसं.

‘लेट’वर ही खूण करून बघा, कारण तिथे ‘स’मुळे अर्थच बदलतो. ‘माय मदर लेट्स मी गो’ म्हणजे आई मला जाऊ देते, तिचा तसा रिवाज आहे. ‘माय मदर लेट मी गो’ म्हणजे आईने जाऊ दिलं, त्या एका वेळी. निबंधात मुलं घाईत ‘स’ खातात आणि रोजची सवय एका दिवसाची घटना होऊन बसते. ‘शी वॉक’ असं लिहिलं तर चूक लगेच डोळ्यांत भरते. ‘शी लेट’ किंवा ‘शी पुट’ लिहिलं तर वाक्य बरोबरच दिसतं, फक्त त्याचा अर्थ भलताच होतो. म्हणून तपासताना मी या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि मुलाला विचारतो, ‘रोज की एकदाच?’

आता ही खूण कुठे चालत नाही तेही सांगतो, कारण मुलांची गाडी तिथेच अडते.

पहिली अडचण तुम्हाला दिसलीच असेल. ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ आणि सगळी अनेकवचनं यांना वर्तमानकाळातही ‘स’ लागत नाही. ‘आय पुट शुगर इन माय टी’ हे वाक्य एकटं समोर ठेवलं तर कोणताही इंग्रज त्याचा काळ सांगू शकणार नाही. मी चहात साखर घालते, की घातली? दोन्ही. अशा वेळी वेळ दाखवणारा शब्द बघायचा: ‘एव्हरी मॉर्निंग’ आहे की ‘येस्टरडे’. तोही नसेल तर शेजारचं वाक्य बघायचं. शेजारी ‘वेंट’, ‘सॉ’, ‘केम’ अशी स्पष्ट भूतकाळी रूपं असतील तर मधला ‘पुट’ त्यांच्याच पंक्तीतला. परीक्षेत एकटंच वाक्य देऊन काळ विचारला असेल आणि वेळेचा शब्द नसेल, तर तो प्रश्नच अपुरा आहे. तसं मुलीला सांगून टाका, उगाच तिने स्वतःला दोष द्यायला नको.

दुसरी अडचण म्हणजे क्रियापदाच्या आधी कुणी मदतनीस बसलेला असणं. ‘ही विल कट’, ‘ही कॅन कट’, ‘ही डिडन्ट कट’ यांत ‘स’ नाही, पण तो भूतकाळामुळे गेला नाही. विल, कॅन, डिड यांच्यामागे पहिलं रूपच येतं म्हणून गेला. ‘हॅज कट’, ‘हॅड कट’ यांत तिसरं रूप असतं. तसंच ‘वॉज कट’ म्हणजे कुणीतरी कापलं, तिथेही तिसरं. म्हणून खूण वापरण्याचा क्रम असा लावा: आधी क्रियापदाच्या डावीकडे मदतनीस आहे का ते पाहा. असेल तर तोच काय ते ठरवतो. नसेल तर कर्ता बघा. कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम असेल आणि ‘स’ नसेल, तर भूतकाळ. कर्ता दुसरा कुणी असेल तर वेळेचे शब्द आणि शेजारची वाक्यं.

(एक कोपरा उरतो. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही कट डाऊन ऑन सॉल्ट’ यात कर्ता ‘ही’ आहे, ‘स’ नाही, तरीही ‘कट’ भूतकाळ नाही. सुचवणं, आग्रह धरणं, मागणी करणं यांच्यामागे असं साधं पहिलं रूप येतं. सातवीत याची गरज नाही. पुढे कधी तरी भेटेल.)

तुमची मुलगी ज्या रूपांना ‘तिन्ही सारखी’ म्हणते, त्यांतली दुसरी आणि तिसरी सारखी असण्याचं तिला खरं तर काही नवल वाटायला नको. ‘मी भाजी चिरली’, ‘मी भाजी चिरली आहे’, ‘भाजी चिरली गेली’. आपण ‘चिरली’ हे एकच रूप तिन्हीकडे वापरतो आणि ‘आहे’, ‘गेली’ जोडून भागवतो. इंग्रजीतली ‘वॉक्ड’, ‘प्लेड’ अशी सगळी नियमित क्रियापदंही तेच करतात. वेगळेपणा फक्त पहिलं रूपही त्यात मिसळण्यात आहे.

ते का मिसळलं, हे एकदा कळलं की कोणती क्रियापदं या टोळीत आहेत हेही लक्षात राहतं. टोळीतली नावं बघा: कट, पुट, हिट, लेट, सेट, शट, हर्ट, कॉस्ट, कास्ट, बर्स्ट, बेट, स्प्लिट, क्विट, थ्रस्ट, स्प्रेड, शेड, रिड. एकूण एक ‘ट’ किंवा ‘ड’ने संपतात. एकही अपवाद नाही. इंग्रजीत भूतकाळाचा प्रत्यय म्हणजे मुळात ‘ट’ किंवा ‘ड’चाच आवाज. ‘वॉक’ला ‘ट’ लागून ‘वॉक्ट’ ऐकू येतं, ‘प्ले’ला ‘ड’. पण जो शब्द आधीच ‘ट’वर संपतो त्याला आणखी एक ‘ट’ लावला तर तो ऐकू कसा येणार?

सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ‘सेट’चं मूळ रूप ‘सेट्टन’ होतं आणि भूतकाळ ‘सेट्टे’. शेवटचे ते ‘अन’ आणि ‘ए’ उच्चारले जात होते, म्हणून फरक कानाला कळत होता. नंतर, साधारण 1400च्या आसपास, इंग्रजीने शब्दांच्या शेवटचा हा हलका ‘ए’ उच्चारणं सोडून दिलं. तसाच ‘अन’ही गेला. इकडे ‘सेट’ उरला, तिकडेही ‘सेट’च उरला. तिन्ही रूपं एक व्हावीत असं कुणी ठरवलं नव्हतं. वेगळी दाखवणारी शेपटं गळून पडली एवढंच.

एकदा असा गट तयार झाला की बाहेरचेही त्यात येऊन बसतात. ‘हर्ट’ आणि ‘कॉस्ट’ हे शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत. ‘हिट’ आणि ‘कास्ट’ स्कँडिनेव्हियाच्या लोकांबरोबर आले. ‘ट’वर संपणारे छोटे शब्द म्हणून तेही याच चालीने चालू लागले. आता मात्र दार बंद झाल्यासारखं आहे. फोनमुळे आलेलं ‘टेक्स्ट’ हे क्रियापद बघा, त्याचा भूतकाळ प्रमाण लेखनात ‘टेक्स्टेड’ असाच होतो, जरी बोलताना बरेच इंग्रजी भाषक ‘आय टेक्स्ट हर येस्टरडे’ म्हणत असले तरी.

उलट मात्र खरं नाही: ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणारं प्रत्येक क्रियापद या टोळीत नसतं. वाँट-वाँटेड, नीड-नीडेड, व्हिजिट-व्हिजिटेड हे नियमित आहेत, सिट-सॅट आणि मीट-मेट तिसऱ्याच वाटेचे. मोठ्या माणसांची सर्वांत जास्त फसगत ‘सबमिट’ने होते. ‘आय हॅव सबमिट द फॉर्म’ हे वाक्य मी अर्जांत, कार्यालयीन पत्रांत इतक्या वेळा वाचलंय, की आता हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ‘हिट’सारखं ऐकू येतं म्हणून लोक ते त्याच टोळीत ढकलतात. पण ‘मिट’ने संपणारे सबमिट, ॲडमिट, परमिट, कमिट, ओमिट हे सगळे लॅटिनचे, सगळ्यांना ‘टेड’ लागतो. याउलट जोडशब्दात टोळीतला शब्द असेल तर तो आपली चाल सोडत नाही: अपसेट, रीसेट, ऑफसेट हे ‘सेट’सारखे, ब्रॉडकास्ट ‘कास्ट’सारखा. आणि ‘बीट’पासून जरा जपा. बीट-बीट इथपर्यंत तो टोळीतलाच वाटतो, पण तिसरं रूप ‘बीटन’ होतं.

आता ‘रीड’. हा टोळीतला आहे खरा, पण फक्त कागदावर.

याची गोष्टही त्याच काळातली. तेव्हा मूळ रूप होतं ‘रेडन’, त्यातला ‘रे’ लांब ओढलेला. भूतकाळाला ‘ड’चा प्रत्यय लागून झालं ‘रेड्डे’. मध्ये जोड व्यंजन आल्यामुळे आधीचा ‘रे’ आखूड झाला. हे आपल्याला नवीन नाही. ‘दूध’ म्हणताना ‘दू’ दीर्घ, पण ‘दुधात’ म्हटलं की ऱ्हस्व. फूल–फुलाला, मूल–मुलाला, खीर–खिरीत. शेपटीला काही लागलं की आधीचा स्वर आखडतो. कारणं दोन्ही भाषांत एकच नाहीत, पण कानाला चाल ओळखीची आहे. आता कल्पना करा की उद्या मराठीने ‘दुधात’मधला ‘आत’ बोलणं सोडलं. उरेल ‘दुध’, ऱ्हस्व उकाराचा. ‘दूध’ आणि ‘दुध’ यांतला तेवढा स्वराचाच फरक अर्थ सांगायला शिल्लक राहील. ‘रीड’च्या बाबतीत हेच झालं. ‘रेड्डे’ची शेपटी गळाली आणि आखूड ‘रेड’ राहिला, इकडे लांब ‘रेऽड’.

मग लांब ‘रेऽड’चा ‘रीड’ कसा झाला? साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत इंग्रजीतले लांब स्वर हळूहळू वर सरकले. लांब ‘ए’चा ‘ई’ झाला. आखूड स्वर जागीच राहिले. म्हणून ‘रीड’ची जोडी ‘रेड’शी. हा प्रकार एकट्या रीडचा नाही. लीड–लेड, फीड–फेड, ब्लीड–ब्लेड, मीट–मेट, सगळे त्याच साच्यातले. त्यांच्यात आणि रीडमध्ये फरक फक्त स्पेलिंगचा. ‘लेड’ लिहिताना लोकांनी मधला ‘ए’ टाकून एल-ई-डी असं सुटसुटीत करून घेतलं. ‘रेड’चं मात्र आर-ई-ए-डी असंच राहिलं. आर-ई-डी लिहिलं असतं तर लाल रंगाशी गल्लत झाली असती, हा मुद्दा लोक सांगतात आणि तो सोयीचाही आहे. पण स्पेलिंगं कुणी बसून ठरवलेली नसतात, म्हणून मी तेच कारण असं छातीठोक सांगणार नाही.

इथेच एक गंमत. ‘स्प्रेड’मध्येही ई-ए-डी आहे, पण तो तिन्ही रूपांत ‘स्प्रेड’च. त्याचा स्वर वर्तमानकाळातही आखूड झाला. म्हणून ‘स्प्रीड’ कधीच म्हणायचं नाही.

आणखी एक उच्चाराचा प्रश्न मुलं विचारतातच, म्हणून सांगून ठेवतो: ‘कट’ आणि ‘पुट’, दोन्हीत यू, मग एक ‘अ’ आणि एक ‘उ’ का? पूर्वी दोन्हीत ‘उ’च होता. नंतर दक्षिण इंग्लंडच्या बोलीत बहुतेक शब्दांतला ‘उ’ बदलून ‘अ’ झाला. पुट, पुश, पुल, फुल, बुल अशा ओठांच्या आवाजाने सुरू होणाऱ्या काही शब्दांत तो टिकला. उत्तर इंग्लंडात आजही पुष्कळ लोक ‘कट’ला ‘कुट’च्या जवळपास म्हणतात. एवढं पुरे.

आता ओळखायचं कसं. वरचा क्रम तोच, फक्त उत्तर तोंडाने द्यायचं. पहिलं रूप म्हणजे रीड. दुसरं आणि तिसरं म्हणजे रेड. मी वर्गात देतो तसाच एक उतारा घेऊ. ज्या जागी तो शब्द आहे तिथे रेघ ठेवली आहे, कारण देवनागरीत लिहायला गेलं की उच्चार आपोआप फुटतो. आपली लिपी असली गुपितं ठेवत नाही.

‘एव्हरी इव्हिनिंग माय पॅरेंट्स ___ द न्यूजपेपर टुगेदर. येस्टरडे माय फादर ___ इट अलोन, बिकॉज माय मदर हर्ट हर थंब. द नाइफ कट इट व्हाइल शी वॉज क्लीनिंग फिश. आय पुट टर्मरिक ऑन इट. शी डिडन्ट ___ एनीथिंग ऑल इव्हिनिंग. ॲट टेन, हर हाफ ऑफ द पेपर वॉज स्टिल अन___.’

पहिली रेघ. डावीकडे मदतनीस नाही. कर्ता ‘पॅरेंट्स’, अनेकवचन, म्हणजे ‘स’ची खूण निरुपयोगी. वेळेचा शब्द ‘एव्हरी इव्हिनिंग’, रोजचं काम. रीड.

दुसरी रेघ. मदतनीस नाही, कर्ता ‘फादर’, एकवचन. स्पेलिंगच्या शेवटी एस नाही. इथेच निकाल लागला, रेड. ‘येस्टरडे’ खोडून टाकलं तरी उत्तर बदलत नाही. मुलांना मी मुद्दाम तो शब्द बोटाने झाकून पुन्हा वाचायला लावतो, म्हणजे ‘स’ नसण्याचं वजन कळतं.

मग ‘मदर हर्ट’ आणि ‘नाइफ कट’. दोन्ही एकवचनी, दोन्ही ‘स’शिवाय, दोन्ही भूतकाळ. ‘आय पुट’ला ‘स’ची मदत नाही, पण आजूबाजूला सगळं कालचंच चाललंय, म्हणून हळद कालच लावली.

‘डिडन्ट ___’ इथे निम्मा वर्ग ‘रेड’ म्हणतो. गोष्ट कालची, मग रेड, असा त्यांचा हिशोब. पण भूतकाळ ‘डिड’ने आधीच उचलला आहे, मागच्याला तो पुन्हा उचलावा लागत नाही. रीड. पटत नसेल तर त्या जागी ‘गो’ घालून बघायचं. ‘डिडन्ट वेंट’ म्हणाल का? नाही, ‘डिडन्ट गो’. पहिलं रूप, म्हणून रीड. ही अदलाबदलीची युक्ती कुठेही चालते: रीड काढून तिथे ‘गो-वेंट-गॉन’ किंवा ‘सी-सॉ-सीन’ यांपैकी जे बसतं ते घाला. पहिलं बसलं तर रीड, दुसरं-तिसरं बसलं तर रेड. वाक्याचा अर्थ वेडावाकडा होईल, होऊ द्या. आपल्याला रूपाशी मतलब.

शेवटची रेघ. ‘वॉज’ हा मदतनीस आणि वर ‘अन’. सी-सॉ-सीन घाला, ‘अनसीन’ बसतं. तिसरं रूप. अनरेड.

याच युक्तीने ‘द टीचर मेड हिम ___ द लेसन’ हेही सुटतं. ‘मेड हिम सी’, म्हणून रीड. इथे ‘ही’ नसून ‘हिम’ आहे, म्हणजे तो कर्ताच नाही, हे लक्षात आलं तर ‘स’ची खूण चुकीच्या जागी लावली जात नाही. ‘लेट हर ___’, ‘हर्ड हर ___’ यांचंही तेच.

मोठ्याने वाचताना मात्र खरी अडचण वेगळी असते. मूल शब्दाला पोचतं तेव्हा उत्तराचा पुरावा कधी कधी पुढे असतो. ‘आय ___ दॅट बुक ट्वाइस लास्ट इयर’ मध्ये ‘लास्ट इयर’ सर्वांत शेवटी. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली माणसंही इथे अडखळतात आणि मागे येऊन दुरुस्त करतात. त्याला इलाज म्हणजे तोंडाच्या पुढे डोळा चालवायची सवय. तुम्ही एक कोरा कार्ड घ्या आणि मुलगी वाचत असताना तिच्या तोंडी आलेला शब्द झाका, पुढचा नाही. चार-पाच दिवसांत डोळा पुढे पळायला लागतो.

उच्चाराबद्दल एक बारीक सूचना. हा ‘रेड’ लाल रंगासारखा, आखूड. आयकर खात्याची ‘रेड’ पडते तो शब्द लांब आहे. मराठीत दोन्ही एकसारखे लिहितो आणि बहुतेक जण एकसारखेच बोलतो, म्हणून मुलीला तुम्हीच ‘रे’ पटकन सोडून दाखवा.

या क्रियापदांमुळे होणारी एक चूक पुष्कळ घरांत दिसते. मुलांना ‘आय पुट द बुक इन द बॅग’ यात भूतकाळ दिसत नाही, म्हणून ती तो बाहेरून आणतात. लहान मुलं ‘पुटेड’, ‘कटेड’ म्हणतात, हे निदान ऐकू तरी येतं. मोठी मुलं ‘हॅड’ घालतात: ‘येस्टरडे आय हॅड पुट द बुक इन द बॅग.’ मराठीत ‘मी काल पुस्तक ठेवलं होतं’ हे अगदी सहज आहे, त्यामुळे वाक्य त्यांना बरोबरच वाटतं. इंग्रजीत ‘हॅड’ तेव्हा, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची दुसरी गोष्ट सांगायची असते. ‘व्हेन द बस केम, आय हॅड ऑलरेडी पुट द बुक इन द बॅग’ हे ठीक. नुसतं काल ठेवलं तर ‘पुट’ पुरे. मुलीच्या वहीत ‘हॅड’ दिसला की विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर नसेल तर ‘हॅड’ खोडा.

इंग्रजी पेपर घरी येत असेल तर मथळे हा फुकटचा सराव आहे, पण एक गोष्ट माहीत हवी. मथळ्यात घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात आणि ‘इज’, ‘वॉज’, ‘वर’ असे शब्द गाळतात. म्हणून ‘ट्रक हिट्स बस’ म्हणजे ट्रकने बसला धडक दिली. ‘बस हिट बाय ट्रक’ म्हणजे बसला धडक बसली, मधला ‘वॉज’ गाळलेला. ‘पेट्रोल प्राइसेस कट’ यात किमतींनी काही कापलेलं नाही, किमती कापल्या गेल्या, ‘वर’ गाळलेला. या शब्दांमागे मथळ्यात एस नसेल आणि कर्ता स्वतः ते काम करणं शक्य नसेल, तर ते तिसरं रूप समजा.

आणि घरात सगळ्यांत जवळचा नमुना हवा असेल तर तुमच्या फोनची भाषा इंग्रजी असताना व्हॉट्सॲपवर एकाच व्यक्तीला पाठवलेल्या एखाद्या संदेशाची माहिती उघडा. तिथे एकाखाली एक दोन शब्द दिसतात: Read आणि Delivered. मुलीला विचारा, वरचा कसा वाचशील? बहुतेक मुलं ‘रीड’ म्हणतात. मग खालच्या शब्दावर बोट ठेवा. ‘डिलिव्हर्ड’, पोचवला गेला, तिसरं रूप. वरचा त्याचाच जोडीदार, वाचला गेला. रेड. तसंच Mark as read मध्ये रेड, Unread मध्ये अनरेड. लांब मजकुराच्या शेवटी येणारं Read more मात्र तुम्हाला काम सांगतं, पुढे वाचा, म्हणून ते रीड.